क्लिनिकल पोस्टिंगची जागा बदलून हवी आहे, प्राचार्यांना अर्ज कसा लिहू? (मदत हवी आहे)

केजकर_लेक

नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज अंबाजोगाईला. घर केज तालुक्यात, केजच्याही पुढं बीडच्या बाजूला. नवीन रोटेशनमध्ये माझा गट चार आठवडे परळीच्या सरकारी रुग्णालयात, मेडिकल वॉर्डला लागलाय. ड्युटी सकाळी 8 ते 2. गावच्या फाट्यावरून पहिली एसटी सव्वासहाला, अंबाजोगाईला साडेसात होतात. तिथून परळीची गाडी धरली की रुग्णालयात पोचायला पावणेनऊ.

आई-वडील दिवाळीनंतर कोयत्यावर गेलेत, पट्टा पडल्यावरच येतील. घरी आजी आहे, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली, आणि आठवीतला भाऊ. दुपारी चारपर्यंत चुलती बघते, नंतर कुणी नाही. अंबाजोगाईलाच पोस्टिंग मिळालं तर वेळेत जाऊन पावणेचारला घरी येता येईल.

मी असा अर्ज लिहिलाय:

"महोदया, मला परळी येथे जाण्या-येण्यास फार त्रास होतो व खर्चही होतो. घरी आजी आजारी आहे. तरी मला घराजवळील कोणत्याही रुग्णालयात पोस्टिंग द्यावे ही नम्र विनंती."

एवढ्यावर काम होईल का?

बालाघाटचा_वारा

ताई, सरळ नियमावर बोट ठेवा. नर्सिंग कौन्सिलचं म्हणणं आहे की रुग्णालय 30 किलोमीटरच्या आत पाहिजे. तुमचं घर ते परळी 60 तरी भरेल. अर्जात "नियमाचा भंग होत आहे" एवढं लिहा, दुसऱ्या दिवशी बदलून देतात बघा.

वॉर्ड_ट्यूटर

दादा, 30 किलोमीटरची अट आहे हे बरोबर, पण ते अंतर कॉलेजपासून रुग्णालयापर्यंत मोजतात. विद्यार्थिनीचं घर त्यात येत नाही. अंबाजोगाई ते परळी साधारण 25 किलोमीटर, म्हणजे कॉलेज नियमात बसतं. भंगाची भाषा लिहिली तर प्राचार्या एका ओळीत उत्तर देतील आणि खऱ्या कारणाकडं कुणी बघणारही नाही.

ताई, तुमच्या अर्जात तीन ठिकाणी अडचण आहे.

पहिली म्हणजे "घराजवळील कोणतेही रुग्णालय". कॉलेजला हवं तिथं मुली पाठवता येत नाहीत. ज्या रुग्णालयांशी संलग्नता आणि करार आहे तिथंच पाठवता येतं. केजचं रुग्णालय तुमच्या कॉलेजच्या यादीत नसेल तर एका मुलीसाठी नवा करार होणार नाही. शिवाय तालुक्याच्या रुग्णालयात खाटा कमी. मेडिकल वॉर्डच्या केस स्टडीला जे पेशंट लागतात ते तिथं पुरेसे मिळतीलच असं नाही. म्हणून मागणी यादीतल्या एकाच ठिकाणाची करा, आणि ठिकाणाचं नाव लिहा.

दुसरी, खर्च. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे हे ऑफिसलाही माहीत आहे. खर्चाचा मुद्दा काढून टाका, त्यानं अर्ज हलका होतो. तुमचं खरं कारण वेळ आहे. आठला ओव्हर सुरू होतो. तुम्ही पावणेनऊला गेलात तर ओव्हर हुकला. रात्री कुणाचा ताप चढला, कुणाचं इन्सुलिन थांबवलं, कुणाला उपाशी ठेवायचंय, काहीच कळत नाही. अशा मुलीला सिस्टर पेशंट नेमून देत नाहीत, ती नुसती बीपी-टीपीआर काढत फिरते.

त्याचा हिशोबही मांडा. रोज पाऊण तास, आठवड्याच्या सहा ड्युट्या, चार आठवडे. 24 ड्युट्यांत 18 तास बुडतात, म्हणजे सहा तासांच्या तीन पूर्ण ड्युट्या. थिअरीत 80 टक्के हजेरीवर परीक्षेला बसता येतं, पण क्लिनिकल डिग्रीच्या आधी 100 टक्के भरावंच लागतं. हे तास पुढं सुट्टीत भरून काढावे लागतील, आणि तेव्हा कुणीतरी शिक्षिका देखरेखीला ठेवावी लागेल. हे वाचलं की कॉलेजलाही तुमची अडचण आपली वाटते.

तिसरी अडचण जागेची. क्लिनिकलला एका शिक्षिकेमागं 10 विद्यार्थी असं प्रमाण धरतात. अंबाजोगाईचा गट आधीच दहाचा असेल तर तुम्ही अकराव्या. म्हणून नुसती बदली मागू नका, अदलाबदल मागा. परळीकडं राहणारी, अंबाजोगाईच्या गटात पडलेली मुलगी वर्गात आहे का ते आधी बघा.

सिंदफणा_काठी

आमच्या बहिणीला पण कॉलेज बदलायचं होतं, जीएनएमला. दोन्ही कॉलेजांची एनओसी लागते म्हणाले आणि जागा रिकामी पाहिजे. लई कागदं आहेत, वर्ष जातं. ताई विचार करून करा.

केजकर_लेक

दादा, कॉलेज नाही बदलायचं, फक्त चार आठवड्यांची पोस्टिंगची जागा.

ट्यूटर मॅडम, परळी जवळच्या गावची एक मुलगी आहे, ती तयार आहे. पण तिचा गट आत्ता अंबाजोगाईला ऑर्थोला आहे, माझा मेडिकलला. चालेल का?

वॉर्ड_ट्यूटर

इथंच बहुतेक अदलाबदली फसतात. ती आज ऑर्थोला, तुम्ही मेडिकलला. नुसत्या जागा बदलल्या तर तुमचं ऑर्थो होईल आणि मेडिकल राहील. पुढच्या ब्लॉकला तुमचा मूळ गट ऑर्थोला गेला की तुमचं ऑर्थो दोनदा. सेमिस्टरच्या शेवटी लॉगबुक तपासताना मेडिकलचं पान कोरं निघतं.

रोटेशन प्लॅनचा पूर्ण तक्ता समोर घ्या. दोन्ही गटांच्या ओळी एकाखाली एक ठेवून बघा, तुम्हा दोघींचे उरलेले सगळे ब्लॉक अदलाबदल केल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला प्रत्येक वॉर्ड तेवढ्याच आठवड्यांसाठी येतो का. येत असेल तर सेमिस्टर संपेपर्यंत गटच बदलून मागा. त्या गटाचा परळीचा ब्लॉक पुढं कधी येतो तेही बघा. मार्चनंतर येत असेल तर तोवर आई-वडील परत आलेले असतील. येत नसेल तर अंबाजोगाईला मेडिकल वॉर्डला असलेल्या गटातली मुलगी शोधा, मग चार आठवड्यांची सरळ अदलाबदल होते.

केजकर_लेक

तक्ता बघितला. अंबाजोगाईला मेडिकलला दुसरा गट आहे, तारखा त्याच. त्यातली एक मुलगी सिरसाळ्याकडची आहे, तिला परळी सोयीचं पडतं. ती हो म्हणाली.

बालाघाटचा_वारा

मग झालंच की. दोघी आपापसात बदलून घ्या, हजेरी तर लागतेच. अर्ज-बिर्ज कशाला?

वॉर्ड_ट्यूटर

तसं अजिबात करू नका. गटाची नावनिशी यादी कॉलेजकडून मेट्रनकडं आधीच गेलेली असते. यादीत नाव नसेल तर वॉर्डमध्ये उभं राहू देत नाहीत, दिलं तरी लॉगबुकवर सही मिळत नाही. वर त्या दिवशी सुई टोचली तर ती नोंद कुठं करायची? तुम्ही कागदावर परळीला असता.

अर्ज असा करा:

> दिनांक :
>
> प्रति,
> मा. प्राचार्या,
> (कॉलेजचे नाव), अंबाजोगाई
>
> मार्फत : मा. वर्गसमन्वयक / मा. क्लिनिकल समन्वयक
>
> विषय : मेडिकल वॉर्ड पोस्टिंगच्या ठिकाणात परस्पर अदलाबदल मिळणेबाबत
>
> महोदया,
>
> मी (नाव), बी.एस्सी. नर्सिंग द्वितीय वर्ष, हजेरी क्रमांक __. माझे दि. __ ते __ या काळातील मेडिकल वॉर्डचे पोस्टिंग परळी येथे आहे. माझ्या गावाहून निघणाऱ्या पहिल्या एस.टी.ने मी सकाळी 8.45 पूर्वी तेथे पोहोचू शकत नाही. त्यामुळे ओव्हर चुकून चार आठवड्यांत सुमारे 18 तासांची क्लिनिकल हजेरी कमी पडेल.
>
> माझे आई-वडील ऊसतोडीसाठी बाहेरगावी असून घरी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेली आजी व शाळकरी भाऊ आहेत. दुपारी 4 नंतर त्यांच्याजवळ दुसरे कोणी नसल्याने मला वसतिगृहात राहणे शक्य नाही.
>
> कु. (नाव), हजेरी क्रमांक __, यांचे त्याच तारखांना, त्याच वॉर्डचे पोस्टिंग अंबाजोगाई येथे आहे व त्या परळी येथे जाण्यास तयार आहेत. या बदलाने दोन्ही गटांची संख्या, वॉर्ड व तास यांत फरक पडत नाही. तरी आम्हा दोघींची अदलाबदल मंजूर करून सुधारित यादी दोन्ही रुग्णालयांस कळवावी, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही)
>
> अदलाबदलीस संमती : (दुसऱ्या विद्यार्थिनीची सही)
>
> सोबत : 1) आजीचे डिस्चार्ज कार्ड 2) वडिलांचे ऊसतोड कामगार ओळखपत्र 3) रोटेशन प्लॅनची प्रत

वसतिगृहाचं वाक्य मुद्दाम घातलंय. "हॉस्टेलला राहा" हे पहिलं उत्तर येतं, ते अर्जातच मिटलेलं बरं. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आणि ब्लॉक सुरू व्हायच्या निदान आठवडाभर आधी द्या. यादी रुग्णालयात पोचल्यावर बदल करायचा म्हणजे पुन्हा पत्र, पुन्हा मेट्रनची सही, आणि तिथं ऑफिस कंटाळा करतं.

तेरणेची_सिस्टर

अर्ज चांगला आहे. एक भर घालते. कॉलेजमध्ये वडिलांचं ओळखपत्र मागितलेलं मी पाहिलं नाही, पण पालकांशी फोनवर बोलायला सांगतात. वडील फडात असले की फोन लागत नाही. मुकादमाचा नंबर देऊन ठेवा, नाहीतर "पालकांशी संपर्क झाला नाही" म्हणून अर्ज टेबलावर पडतो.

केजकर_लेक

हे ध्यानातच आलं नव्हतं. मुकादमाचा नंबर आहे. वडिलांकडं ओळखपत्र नाही पण, कधी काढलंच नाही.

वॉर्ड_ट्यूटर

ग्रामसेवकाकडं चौकशी करा, तिथूनच मिळतं. चार दिवसांत नाही झालं तर त्याच्यासाठी थांबू नका, सोबतच्या यादीतून ते काढा आणि डिस्चार्ज कार्डावर भागवा. आजीच्या कार्डावर निदान आणि तारीख वाचता येईल अशी झेरॉक्स जोडा, पुसट कार्ड परत देतात.

केजकर_लेक

एक राहिलं. अंबाजोगाईच्या त्या गटाला चारपैकी शेवटचा आठवडा दुपारपाळी आहे, 2 ते 8. रात्री आठनंतर अंबाजोगाईहून आमच्या फाट्याला गाडी नाही. तेही याच अर्जात लिहू?

वॉर्ड_ट्यूटर

नको. एका अर्जात दोन मागण्या आल्या की नाकारायला सोपी असते तेवढी नाकारून अख्खा अर्ज निकाली काढतात. आधी जागा मंजूर करून घ्या. दुपारपाळीत वेगळे अनुभव असतात, संध्याकाळची औषधं, नव्यानं दाखल होणारे पेशंट. त्यामुळं ती कायमची माफ करणार नाहीत. गटातल्या मुलीशी पाळी बदलून सकाळी करता येते का, ते क्लिनिकल शिक्षिकेच्या हातात असतं.

तेरणेची_सिस्टर

मला वाटतं तोंडी तरी आत्ताच सांगून ठेवावं. जागा मंजूर झाल्यावर आठवड्यात दुसरी मागणी घेऊन गेलं की "हिचं रोजचंच आहे" असं होतं.

वॉर्ड_ट्यूटर

ते शिक्षिका कोण आहे यावर आहे. समन्वयक मॅडम ऐकून घेणाऱ्या असतील तर अर्ज देताना सांगा, कागदावर नको.

केजकर_लेक

उद्या दोघी मिळून अर्ज देतो. दुपारपाळीचं मॅडमचा अंदाज घेऊन बघते. त्या आठवड्यापुरतं चुलतीला रात्री नऊपर्यंत थांबता येईल का, हेही विचारावं लागेल, पण तिची स्वतःची लेकरं आहेत आणि मला आठनंतर गाडीच नाही.