मदत हवी आहे: गणितात एककंच छापलेली नाहीत, सोडवायचं कसं?

ओवीची_आई
लेक अकरावी सायन्सला आहे. क्लासच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, अर्ध्या ओळी पुसट. त्यातलं हे गणित जसंच्या तसं देते:

"बंद टाकीत ऑक्सिजन २७ तापमानाला १.५ दाबाखाली आहे. तापमान १२७ केल्यास दाब किती होईल? टाकीचे आकारमान ८.२ असल्यास ऑक्सिजनचे वस्तुमान काढा."

मागे उत्तरं आहेत २ आणि १६, बस्स. ओवीने १.५ गुणिले १२७ भागिले २७ केलं तर ७.०६ आलं. मी कॉमर्सची, माझा उपयोग शून्य.

बिनधास्त_बंड्या
ओवीचं बरोबर आहे की! गुणोत्तरात एकक कटतं. दोन्हीकडे दाब एकाच एककात, दोन्हीकडे तापमान एकाच एककात, मग काय फरक पडतो? छापील उत्तर चुकलंय.

सोडालाइम
बंड्या, दाबाचं म्हणणं मान्य, तापमानाचं नाही. १.५ अ‍ॅटमॉस्फिअर असो की १.५ बार, शून्य दाब दोन्हींत शून्यच, म्हणून ते कटतं. सेल्सियसचा शून्य मात्र बर्फ वितळतो तिथे बसवलेला आहे, तिथे वायूचा दाब काही शून्य होत नाही. म्हणून २७३ मिळवायचे: ३०० आणि ४००. मग १.५ × ४०० ÷ ३०० = २. छापील उत्तर आलं.

आता २७ हे केल्विनच असेल तर? ऑक्सिजन सुमारे ५४ केल्विनला गोठतो. २७ केल्विनला टाकीत वायू नाही, तळाशी घट्ट गोळा असेल, आणि त्याला हा नियम लावताच येत नाही. फॅरनहाइट धरून पाहिलं तर उत्तर १.८ येतं. म्हणजे सेल्सियसच.

हायवे_गणपत
माझ्या गाडीच्या टायरचं असंच होतं. सकाळी ३३ भरतो, पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत ३७-३८ दाखवतं. तुमच्या नियमाने २७ चे ५७ अंश झाले तर ३३ × ३३० ÷ ३०० म्हणजे ३६.३ यायला हवेत. गेज खराब आहे का?

सोडालाइम
गणपतराव, धागा टायरचा नाही, पण प्रश्न नेमका आहे. पंपावरचं गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतं, म्हणजे त्याचाही शून्य सरकवलेला. ३३ मध्ये १४.७ मिळवा, ४७.७ झाले. ते ३३० ÷ ३०० ने वाढवले की ५२.५, त्यातून १४.७ वजा केले की ३७.८. गेजवर शंका घेण्यासारखं काही दिसत नाही.

ओवीच्या गणितातही १.५ हा गेजचा दाब असता तर उत्तर २ न येता २.३ च्या आसपास आलं असतं. तेही बाद.

ओवीची_आई
पहिला भाग कळला. पण १६ कसं आलं? तिथे तर काहीच कटत नाही.

सोडालाइम
तिथे PV = nRT लागतं आणि R बरोबर एककं चिकटून येतात. लिटर आणि अ‍ॅटमॉस्फिअर धरा. वर १.५ × ८.२ = १२.३, खाली ०.०८२ × ३०० = २४.६. बरोब्बर अर्धा मोल. ऑक्सिजनचा एक मोल ३२ ग्रॅम, म्हणून १६ ग्रॅम. घनमीटर धरलं तर १६ किलो येतील, किलोपास्कल धरलं तर जेमतेम ०.१६ ग्रॅम.

बिनधास्त_बंड्या
एक मिनिट. बार धरून R ०.०८३ घेतला तर १५.८ येतं, पूर्णांकात तेही १६च. मग अ‍ॅटमॉस्फिअर कशावरून?

सोडालाइम
हे मात्र बरोबर पकडलंस. उत्तरावरून ते ठरत नाही. माझा अंदाज ८.२ वरून आहे. टाकी ८ किंवा १० लिटरची न घेता ८.२ का? ०.०८२ शी भागाकार सुटसुटीत व्हावा म्हणून. पण हा गणित रचणाऱ्याच्या डोक्याचा माग झाला, भौतिकशास्त्राचा पुरावा नव्हे.

ओवीची_आई
परीक्षेत असं आलं आणि मागे उत्तर नसलं तर?

खडूची_धूळ
पहिल्या ओळीत लिहायचं: "तापमान सेल्सियसमध्ये, दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये, आकारमान लिटरमध्ये मानले." आणि पुढे प्रत्येक पायरीत एकक लिहायचं. मी पेपर तपासताना असं दिसलं तर मार्क देते.

बिनधास्त_बंड्या
तुम्ही द्याल हो मॅडम. आमच्या सरांनी "मानले" हा शब्द पाहूनच काट मारली होती.

ओवीची_आई
ओवीने आत्ता कागद दिव्याखाली धरला. २७ च्या डोक्यावर एक फिकट ठिपका आहे, अंशाचं चिन्ह असावं. आणि पानाच्या अगदी खाली "R = ०.०८" एवढं दिसतंय. पुढचा आकडा स्टेपलरच्या पिनेपाशी फाटलाय.

बिनधास्त_बंड्या
२ की ३, तेवढंच फाटलं म्हणजे!