मदत हवी आहे: कॅम्पसची ऑफर आहे पण जॉइनिंगची तारीख नाही, सहा महिने ट्रेनिंग आणि वर बाँड. घ्यावी का?

तासगावची_लेक:
नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, जूनमध्ये सुटेन. कॅम्पसमधून एका मोठ्या आयटी कंपनीत सिलेक्शन झालंय, पॅकेज चार लाख सांगितलंय आणि घरात पेढे वाटून झालेत, पण पत्र नीट वाचल्यापासून झोप उडाली आहे. हातात आलंय ते एलओआय, म्हणजे नुसतं लेटर ऑफ इंटेंट. त्यात लिहिलंय की कंपनीच्या गरजेनुसार जॉइनिंगची तारीख कळवू, आणि हे पत्र म्हणजे नोकरीचा करार नाही. जॉइन झाल्यावर सहा महिने ट्रेनिंग, तेव्हा १५ हजार स्टायपेंड, परीक्षा पास झालो तरच पुढे. वर दोन वर्षांचा बाँड, दोन लाखांचा, आणि पप्पांची जामीन म्हणून सही.
शुक्रवारपर्यंत पोर्टलवर ॲक्सेप्ट करायचंय. कॉलेजचं प्लेसमेंट बघणारे टीपीओ सर म्हणतात एकदा ॲक्सेप्ट केलं की बाकीच्या ड्राइव्हला बसता येणार नाही. दुसरीकडे कुपवाडला एक छोटी सॉफ्टवेअरची कंपनी आहे, तिथले सर जुलैपासून ये म्हणतात, १६ हजार हातात. पप्पा म्हणतात मोठी कंपनी सोडू नको. यंदा द्राक्षात काही राहिलं नाही, त्यामुळे घरी बसून वाट बघणं परवडणारं नाही. काय करू?

हळदबाजार:
पैसे मागितले का ताई? ट्रेनिंगचे पैसे भरा, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा असलं काही असेल तर सरळ फ्रॉड आहे, आमच्या गल्लीतल्या पोराला पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीनं असंच गंडवलं.

तासगावची_लेक:
नाही दादा, पैसे वगैरे काही नाही. कंपनी खरी आहे, कॉलेजात येऊन इंटरव्ह्यू घेतलेत.

खणभाग_एक्सप्रेस:
बिनधास्त सही कर गं. बाँड बिंड कोर्टात टिकत नाही, नुसतं घाबरवायला असतो. आमच्या बॅचचे कित्येक जण सोडून गेले, कुणाला एक रुपया भरावा लागला नाही.

कोरेगावचे_काका:
आमच्या मुलाचं सांगतो. तो २०२२ ला पास झाला, ऑफर होती, आम्ही सगळ्यांना सांगून मोकळे. पुढच्या महिन्यात, पुढच्या क्वार्टरला असं करत करत वर्ष गेलं. मग एक दिवस मेल आला की जॉइनिंगच्या आधी पुन्हा एक टेस्ट द्या. वर्षभर पोरगं घरी बसलेलं, कोडिंगला हात नाही, नापास झालं आणि ऑफर गेली. आता तो बँकेच्या परीक्षा देतोय. पत्रावर विसंबून राहू नकोस बाळ, एवढंच म्हणेन.

विश्रामबाग_ते_हिंजवडी:
मी बरीच वर्षं आयटीत आहे, फ्रेशर्सच्या बॅचेस जवळून बघितल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गाठ सोडवून घे. बाँडची सही शक्यतो जॉइनिंगच्या दिवशी किंवा त्याच्या थोडं आधी घेतात, पाचशेच्या स्टॅम्पवर. आत्ता पोर्टलवर ॲक्सेप्ट दाबलंस तर तू बांधली जात नाहीस, तसंच कंपनीही बांधली जात नाही, ते तर त्यांनी पत्रातच लिहून दिलंय. म्हणजे शुक्रवारी तू जी किंमत मोजणार आहेस ती बाँडची नाही, उरलेल्या ड्राइव्ह हातच्या जाण्याची आहे. तेव्हा प्रश्न टीपीओला विचार: मागच्या वर्षी याच कंपनीत आपल्या कॉलेजचे किती सिलेक्ट झाले, त्यातले प्रत्यक्ष किती जॉइन झाले आणि कोणत्या महिन्यात? कॉलेजच्या फ्लेक्सवर छापतात तो आकडा एलओआयचा असतो, जॉइन झालेल्यांचा नाही. सरांना नक्की माहीत नसेल तर मागच्या बॅचच्या दोघा-तिघांना फोन लाव, ते घडाघडा सांगतील.

आता पैशाचं. चार लाखातले ५० हजार रिटेन्शन बोनस असेल तर तो दोन वर्षं टिकलीस तरच मिळणार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स हे पण सीटीसीतच धरतात, ते ३५ हजाराच्या आसपास जातात. राहतात महिन्याला २६ हजार, त्यातून तुझा पीएफ आणि दोनशे रुपये प्रोफेशन टॅक्स गेला की हातात २४. हे पण ट्रेनिंग संपल्यावर. समज जानेवारीत बोलावलं, तर जुलैपासूनच्या दीड वर्षात: सहा महिने शून्य, सहा महिने १५ हजारानं ९० हजार, पुढचे सहा महिने २४ नं १ लाख ४४ हजार. एकूण २ लाख ३४ हजार. त्यातून वर्षभराची पुण्यातली रूम आणि मेस काढ. कुपवाडला तेवढ्याच काळात २ लाख ८८ हजार होतात आणि तू घरचं जेवतेस. एप्रिलपर्यंत लांबलं तर मोठ्या कंपनीचा आकडा १ लाख ६२ हजारावर येतो. दोन वर्षांच्या पुढे मात्र चित्र फिरतं, तिथून स्विच मारलास तर मोठ्या कंपनीचं नाव कामाला येतं, ते कुपवाडच्या नावानं तितकं होत नाही.

माझं मत, ॲक्सेप्ट कर आणि जुलैत कुपवाडला लाग.

खणभाग_एक्सप्रेस:
दोन्हीकडे? मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला अडकेल की.

विश्रामबाग_ते_हिंजवडी:
लपवलं तर अडकेल. कुपवाडची कंपनी पीएफ कापत असेल तर यूएएनवर, म्हणजे तुझ्या पीएफ नंबरवर, नोंद दिसतेच, तिकडची शेवटची तारीख आणि इकडची जॉइनिंग एकमेकांवर चढली की एचआर डोकं खाणार. म्हणून आधी एचआरला मेल टाकायचा की जॉइनिंगपर्यंत मी दुसरीकडे काम केलं तर चालेल का, आणि उत्तर लेखी घ्यायचं. काही कंपन्यांच्या फ्रेशरच्या अटीत फुल टाइम अनुभव चालत नाही, तिथे इंटर्न म्हणून पत्र घेता येतं, पण ते काम खरंच इंटर्नचं असलं तरच. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ बहुतेक नसेल, तरीही फॉर्ममध्ये लिहायचंच, आणि निघताना रिलीव्हिंग लेटर घ्यायचं. कुपवाडच्या सरांनाही आधी सांग, नाहीतर तीन महिन्यांत सोडून गेलीस म्हणून ते लेटर द्यायला रडवतील.

आणि बाँडबद्दल. तुझं अर्धं खरं आहे भावा. कंपनी कुणाला जबरदस्तीनं कामावर ठेवू शकत नाही, फक्त पैसे मागू शकते, आणि करार कायद्याच्या कलम ७४ नुसार ते पण वाजवी भरपाई म्हणून, लिहिलेल्या आकड्याच्या आत. पण टिकतच नाही हे चूक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्याबद्दलची दोन लाखांची अट वैध धरली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च वेगळा होता, म्हणून खाजगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही. पण बिनधास्त सही कर म्हणणं बरोबर नाही. तुझे मित्र सुटले कारण कंपन्या प्रत्येकामागे वकील लावत बसत नाहीत. खरी अडवणूक रिलीव्हिंग लेटरला होते.

तासगावची_लेक:
दादा, लई आभार. एक भीती आहे, ट्रेनिंगमध्ये नापास झाले आणि त्यांनीच काढलं तर पण दोन लाख भरावे लागतील का?

विश्रामबाग_ते_हिंजवडी:
हाच खरा प्रश्न, आणि तो पत्रातल्या एका वाक्यावर आहे. बाँडच्या मसुद्यात 'स्वतःहून राजीनामा दिल्यास' असं असेल तर त्यांनी काढल्यावर तुझ्याकडे काही निघत नाही. 'कोणत्याही कारणाने सेवा संपल्यास' असं असेल तर ते वाक्य बदलून मागायचं, नाहीतर निदान मेलवर खुलासा घ्यायचा. आणि दोन वर्षं जॉइनिंगपासून की ट्रेनिंग संपल्यापासून, तेही बघ. ट्रेनिंग संपल्यापासून असेल तर तो अडीच वर्षांचा बाँड झाला.
ट्रेनिंगमध्ये काढतात ही अफवा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसनं म्हैसूरच्या कॅम्पसमधून तीनशेहून जास्त ट्रेनींना काढलं, कंपनीचं म्हणणं तीन संधी देऊनही ते पास झाले नाहीत. त्याआधी २०२३ मध्ये विप्रोनं साडेसहा लाखांची ऑफर असलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर आत्ता जॉइन होता का विचारलं होतं. लवकर या पण कमी पैशात, असा मेल आला तर ऑफर डळमळली समजायचं. पुन्हा टेस्ट, पोर्टलचं लॉगिन बंद, रिक्रूटरनं उत्तर देणं सोडणं, ही पण तीच लक्षणं. काकांच्या मुलाची टेस्ट त्यातलीच.

कोरेगावचे_काका:
मग ऑफर रद्द केली तर केस करता येत नाही का? आम्ही कामगार आयुक्तांकडे जायचा विचार केला होता.

विश्रामबाग_ते_हिंजवडी:
काका, जॉइनच झाला नाही तर कामगार कायद्याखाली धरायला फारसं काही सापडत नाही, आणि हे तर एलओआय. पुण्याची नाइट्स ही आयटीवाल्यांची संघटना असल्या तक्रारी कामगार मंत्रालयापर्यंत नेते, दबाव येतो, कधी तारखा मिळतात. एकट्यानं कोर्टात जाणं परवडत नाही.

नुसता_वाचक:
मला वाटतं जामिनाची सही तर मुळीच देऊ नये. पोरीचा बाँड पोरीपाशी, बापाच्या द्राक्षबागेवर कशाला?

तासगावची_लेक:
अपडेट देते. टीपीओ सरांना विचारलं. मागच्या वर्षी आमच्या कॉलेजातून एकोणीस सिलेक्ट झाले होते, अकरा जॉइन झाले, तेही फेब्रुवारी-मार्चमध्ये. बाकीच्यांतले काही स्वतः दुसरीकडे गेले, काहींना अजून तारीख नाही. पाच लाखांच्या वरची कंपनी आली तर बसू देईन म्हणाले, पण तोंडी. एचआरला मेल टाकलाय, उत्तर नाही. बाँडचा मसुदा मागितला तर तो ऑनबोर्डिंगच्या वेळी मिळेल म्हणतात.

विश्रामबाग_ते_हिंजवडी:
अकरा म्हणजे फार वाईट नाही, पण फेब्रुवारी धरूनच चाल. सरांना तेच एका ओळीच्या मेलवर टाकायला सांग, तोंडी शब्दाला उद्या नवीन टीपीओ आला की अर्थ राहत नाही. मसुदा नंतर मिळाला तरी हरकत नाही, तेव्हा वाचून नाही म्हणता येतं, फक्त तोवर कुपवाडची नोकरी सोडू नको. जॉइनिंगचा मेल आणि मसुदा दोन्ही हातात आल्यावरच तिथे राजीनामा. जामिनाचं मात्र मी नुसता_वाचक शी पूर्ण सहमत नाही, काही कंपन्या त्याशिवाय घेतच नाहीत. कोरा चेक मागितला तर मात्र सरळ नाही म्हणायचं.

खणभाग_एक्सप्रेस:
ओरिजिनल मार्कशीट पण ठेवून घेतात काही जण, ती अजिबात देऊ नको. दाखवायची आणि परत घ्यायची.

तासगावची_लेक:
बरं. शुक्रवारी ॲक्सेप्ट करते आणि कुपवाडच्या सरांना उद्या जाऊन भेटते. पप्पांच्या सहीचं घरी अजून ठरलेलं नाही, आजी म्हणते सातबारा बघितल्याशिवाय कोण जामीन घेतंय. कुणाला बाँडच्या जामिनात जमीन अडकते का हे नक्की माहीत असेल तर सांगा.