पेन ड्राइव्ह शून्य बाइट दाखवून राहिला, काय करू?

मेघा, ए-२०४ (खजिनदार): नमस्कार. रविवारच्या सभेसाठी यंदाचा हिशोब सोसायटीच्या पेन ड्राइव्हवर टाकत होती. कॉपी चालू असतानाच मुलानं तो ओढून काढला. आता लावला की `E:` दिसते, पण उघडायला गेलं की `Please insert a disk into USB Drive (E:)` येतं. प्रॉपर्टीजमध्ये वापरलेली जागा शून्य बाइट, रिकामी जागाही शून्य बाइट. ३२ जीबीचा आहे हो. मागच्या ३ वर्षांच्या पावत्यांचे स्कॅन त्यातच होते 😟

प्रशांत, सी-१०१: वहिनी, फॉरमॅट मारा आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. माझं मागच्या वर्षी असंच झालं होतं, सगळे फोटो परत आले.

वसंतकाका, बी-३०२: फॉरमॅट नको, थांबा. प्रशांत, तुझ्या वेळी विंडोज काय म्हणत होतं? फॉरमॅट करा, की डिस्क टाका?

प्रशांत: फॉरमॅट करा म्हणत होतं काका.

वसंतकाका: मग तुझा आजार वेगळा होता. मेघा बेटा, हब वगैरे काढ, ड्राइव्ह सरळ लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लाव. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढंच टाईप कर, बाकी काही नको. `clean` तर चुकूनही नको.

```
diskpart
list disk
```

मेघा: केलं काका. असं आलं:

```
Disk 1    No Media           0 B      0 B
```

वसंतकाका: हं. इथं २९ जीबीच्या आसपास आकडा आला असता तर फक्त फाईल सिस्टीम बिघडली असं समजलो असतो. प्रशांतचं तेच झालं असणार. तेव्हा फाईली जागेवरच असतात, त्यांची अनुक्रमणिका फाटलेली असते. आधी पूर्ण ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढायची, मग त्या इमेजवर टेस्टडिस्क नाहीतर फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवायचं. फॉरमॅट तेव्हाही आधी करायचा नाही.

इथं मात्र कंट्रोलरच अडला आहे. ड्राइव्हमध्ये एक मेमरी चिप असते आणि एक कंट्रोलर. कोणता डेटा चिपमध्ये कुठं ठेवला, याचा नकाशा कंट्रोलर त्याच चिपमध्ये लिहून ठेवतो. कॉपी चालू असताना हा नकाशा सारखा बदलत असतो. नेमका तेव्हा करंट गेला की नकाशा अर्धवट राहतो, आणि पुढच्या वेळी कंट्रोलरला तो वाचता येत नाही. मग तो कॉम्प्युटरला सांगतो, मी आहे, पण आत काही नाही. कार्ड नसलेला कार्ड रीडर जसा दिसतो, तसंच. म्हणून `E:` दिसते आणि साईज शून्य.

प्रशांत: म्हणजे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालणारच नाही?

वसंतकाका: ते डेटा मागणार कंट्रोलरलाच ना. त्याच्याकडं द्यायला काही नाही.

मेघा: सीताबर्डीत एका दुकानात फोन केला होता. अर्ध्या तासात चालू करून देतो म्हणाले.

वसंतकाका: त्यांना एकच विचार, डेटासकट की डेटाशिवाय? कंट्रोलर ओळखून त्याच्या कंपनीचं टूल चालवलं की बरेचदा ड्राइव्ह जिवंत होतो. पण ते टूल नवा कोरा नकाशा लिहितं आणि जुना मिटवतं. ड्राइव्ह परत मिळेल, पावत्या जातील. डेटा हवा असेल तर लॅबवालेच कंट्रोलरला बाजूला ठेवून चिप थेट वाचतात आणि नकाशा पुन्हा जुळवतात. खर्च हजारांत जातो आणि खात्री कोणी देत नाही. म्हणून आधी बघू की पावत्या आणखी कुठं आहेत का. तोवर ड्राइव्ह परत परत लावू नको, गरम होत असेल तर अजिबातच नको.

सुनंदाकाकू, ए-१०३: मेघा, माझ्याकडं खजिनदारी होती तेव्हा पहिल्या २ वर्षांचे स्कॅन मी ऑडिटरला मेल केले होते. आत्ताच सेंटमध्ये पाहिलं, सगळे आहेत. पाठवते.

मेघा: काकू, जीव भांड्यात पडला! तिसऱ्या वर्षाची पावती पुस्तकं ऑफिसच्या कपाटात आहेत, ती उद्या परत स्कॅन करते. यंदाचा हिशोब लॅपटॉपवर आहेच, कॉपी होती, कट नव्हतं केलं.

प्रशांत: काका, आता सेफली रिमूव्ह करायची गरजच नाही म्हणतात ना?

वसंतकाका: विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून क्विक रिमूव्हल आपोआप चालू असतं. म्हणजे विंडोज डेटा स्वतःजवळ अडकवून ठेवत नाही, एवढंच. कॉपी चालू असताना ओढला तर त्याचा काही उपयोग नाही. हिरवी पट्टी संपल्यावरही ड्राइव्हचा दिवा लुकलुकत असेल तर कंट्रोलरचं लिहिणं चालू असू शकतं. तो थांबू द्यायचा, इजेक्ट करायचं, मगच काढायचा.

मेघा: ठीक आहे काका. ड्राइव्ह पाकिटात घालून वर "दुरुस्तीला देऊ नये" लिहून ठेवते. प्रशांत भाऊजी, उद्या स्कॅनिंगला ६ वाजता याल का? ३ पुस्तकं आहेत.

प्रशांत: येतो वहिनी.