मदत हवी आहे: पिंटरेस्टवरचा सिक्रेट बोर्ड डिलीट करायचा आहे, पण पर्यायच दिसत नाही

शिवणकाम_अमळनेर

नमस्कार मंडळी. मी अमळनेरला ब्लाउज शिवते. माझ्या पिंटरेस्टवर दोन बोर्ड आहेत. एक सगळ्यांना दिसणारा, त्यात पैठणीच्या ब्लाउजचे गळे, बाह्यांचे नमुने आणि मी शिवलेल्या काही ब्लाउजचे फोटो. दुसरा कुलपाचं चिन्ह असलेला सिक्रेट. त्यात गिऱ्हाइकांचे फिटिंगचे फोटो आहेत, कोणाची पाठ, कोणाचा खांदा, काहींचे चेहरेही. हा सिक्रेट बोर्ड मी आणि माझी मामेबहीण दोघी वापरायचो. आम्ही मिळून काम करत होतो. आता ती लग्न होऊन नाशिकला गेली आहे.

आखाजीच्या आधी दोन्ही बोर्ड काढून टाकायचे आहेत. बायकांनी माझ्यावर विश्वास ठेवून फोटो काढू दिले, ते आता कुठेच राहायला नकोत. पहिल्या बोर्डवर डिलीटचा पर्याय येतो, सिक्रेटवर मात्र येत नाही. सिक्रेट बोर्ड डिलीट करायची रीत वेगळी असते का? त्यातली दहा-बारा डिझाइन मला ठेवायचीही आहेत.

चाळीसगावकर

ताई, रीत एकच आहे. बोर्ड उघडायचा, वरचे तीन ठिपके दाबायचे, Edit board मध्ये जायचं, खाली सरकलं की Delete board येतं. पण नीट विचार करून दाबा. एकदा गेलं की गेलं, परत काही मिळत नाही.

रावेर_केळीबाग

मना बी आसाच घोळ व्हयेल शे. ठिबक सिंचन आणि घडांच्या पॅकिंगच्या चित्रांचा बोर्ड नको झाला म्हणून मी मोबाइलमधून अ‍ॅपच काढून टाकलं. नवीन फोन घेतला, त्याच ईमेलने आत गेलो, तर सगळं जसंच्या तसं. म्हणजे अ‍ॅप काढून उपयोग नाही. तुम्ही पण आधी अ‍ॅप काढून पाहिलं का?

शिवणकाम_अमळनेर

नाही भाऊ, अ‍ॅप काढलेलं नाही. पहिला बोर्ड दिसतोय, त्याचं डिलीटही दिसतंय. अडचण फक्त सिक्रेट बोर्डची आहे. तिथे Edit board मध्ये तळापर्यंत गेले, पण Leave board एवढंच आहे.

धुळे_जुने_सभासद

ताई, Leave board दिसतंय यातच उत्तर आहे. सिक्रेट असल्यामुळे डिलीट अडलेलं नाही. तो बोर्ड तुमच्या मामेबहिणीच्या खात्यातून तयार झालेला आहे आणि तुम्ही त्यावर सहकारी म्हणून आहात. ज्याने बोर्ड केला त्यालाच तो पुरता काढता येतो. सहकारी फक्त बाहेर पडू शकतो. खात्री करायची तर बोर्डच्या नावाजवळ गोल चित्रांमध्ये कोणकोण आहे ते उघडून बघा, मालकाचं नाव तिथे कळतं.

म्हणून घाईने Leave दाबू नका. तुम्ही बाहेर पडलात तर बोर्ड तसाच राहील, फोटो तसेच राहतील, आणि तुम्हाला मात्र आत काय आहे ते दिसेनासं होईल. बायकांच्या फोटोंसाठी तेच सगळ्यात वाईट. आधी हवी ती डिझाइन बाजूला काढा, मग बहिणीला तिच्या फोनवरून बोर्ड डिलीट करायला सांगा.

बाजूला काढायचं असं. तुमच्या खात्यात नवा बोर्ड करा आणि करतानाच तो सिक्रेट ठेवा. मग जुन्या बोर्डमधलं एकेक डिझाइन उघडून नव्यात सेव्ह करा. सेव्ह करताना कोणता बोर्ड निवडलाय ते दर वेळी बघा. पहिल्या उघड्या बोर्डवर चुकून सेव्ह झालं तर सिक्रेटमधला फोटो जगाला दिसायला लागेल. नव्यात घेतलेली प्रत स्वतंत्र असते, बहिणीने जुना बोर्ड काढला तरी तुमची राहते.

चाळीसगावकर

पण बहिणीने आधीच काही फोटो आपल्या दुसऱ्या बोर्डवर घेतले असतील तर?

धुळे_जुने_सभासद

तर तेही राहतात, बरोबर विचारलंत. सिक्रेट म्हणजे बाहेरच्यांना दिसत नाही, एवढंच. बोर्डवर घेतलेल्या माणसाला सगळं दिसतं आणि तो सेव्हही करू शकतो. त्यामुळे बहिणीला "बोर्ड डिलीट कर" एवढंच सांगू नका, "यातलं कुठे दुसरीकडे ठेवलंय का" हेही विचारा.

तुमचं एक वाक्य मात्र दुरुस्त करतो, चाळीसगावकर. हल्ली डिलीट करताना जी चौकट येते त्यात 7 दिवसांत बोर्ड परत आणता येतो असं लिहिलेलं असतं, त्यानंतर तो कायमचा जातो. आपल्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचूनच बटण दाबावं. पण हे ताईंनी उलट बाजूनेही लक्षात घ्यावं. बहिणीने डिलीट केल्या केल्या फोटो पूर्ण गेले असं धरू नका, तो आठवडा जाऊ द्या.

रावेर_केळीबाग

मग मी माझा बोर्ड काढण्याऐवजी सिक्रेट केला तर चालेल ना? पुढच्या हंगामाला लागेल कदाचित.

धुळे_जुने_सभासद

चालेल. Edit board मध्ये सिक्रेट करायची कळ आहे. किंवा Archive board करा, म्हणजे बोर्ड प्रोफाइलवरून बाजूला होतो आणि हवा तेव्हा परत काढता येतो. चित्रं ठिबकची आहेत, त्यामुळे तुमच्यासाठी डिलीटची गरजच नाही. ताईंचं तसं नाही, तिथे लोकांचे फोटो आहेत.

शिवणकाम_अमळनेर

दादा, खूप उपकार झाले. बोर्ड खरंच बहिणीच्या नावावर निघाला. तिला फोन केला, ती म्हणाली रात्री सवड काढून करते. डिझाइनं मी नव्या सिक्रेट बोर्डवर घेतली, चेहरे असलेलं एकही घेतलं नाही.

आता पहिल्या, उघड्या बोर्डचं विचारते. त्यात एका गिऱ्हाइकाचा पाठमोरा फोटो आहे. तो बऱ्याच जणांनी सेव्ह केलेला दिसतो. माझा बोर्ड काढला की तोही सगळीकडून जाईल का?

धुळे_जुने_सभासद

नाही जाणार, आणि हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं. तुमच्या बोर्डवरून दुसऱ्यांनी जे आपल्या बोर्डवर घेतलं ते त्यांच्याकडे राहतं. तुम्ही काढता ती फक्त तुमची प्रत. फोटो तुम्ही स्वतः काढलेला असेल तर पिंटरेस्टचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म आहे, त्यात त्या पिनच्या लिंका देऊन काढायला सांगता येतं. त्यासाठी बोर्ड डिलीट करण्याआधीच तो फोटो कोणाकोणाच्या बोर्डवर आहे त्या लिंका टिपून ठेवा. नंतर शोधणं फार अवघड जातं.

आणि सगळं झाल्यावर ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, तुमच्या प्रोफाइलची लिंक उघडा. तिथे बोर्ड दिसला नाही तर अनोळखी माणसालाही दिसत नाही. गूगलच्या शोधात जुनं चित्र काही काळ दिसू शकतं, त्याने घाबरू नका.

शिवणकाम_अमळनेर

फोटो मीच काढलेला आहे, दुकानात. पण आधी त्या ताईंना विचारते, फॉर्म भरायचा की नाही ते त्याच ठरवतील. लिंका आज टिपून ठेवते. पहिला बोर्ड तोवर सिक्रेट करून ठेवते, डिलीट त्यांच्याशी बोलल्यावर.

चाळीसगावकर

बहिणीने काढल्यावर इथे नक्की लिहा ताई. आमच्या बचत गटाचा पण असाच एकत्र बोर्ड आहे आणि तो कोणाच्या खात्यातून झालाय ते आम्हाला कोणालाच आठवत नाही.