संख्यारेषा शब्दांत लिहायची: अर्धा गुण कापणं बरोबर आहे का?

कोथरूडची आई: मुलगी आयसीएसई दहावीत आहे. प्रश्न होता: `5 - 2x ≥ 11`, `x ∈ R`, उत्तर संख्यारेषेवर कसं दिसेल ते शब्दांत लिहा. तिनं लिहिलं, "-3 पासून डावीकडे." अर्धा गुण गेला. आकृती काढायला सांगितली असती तर तिनं बरोबर काढली असती. हा भाषेचा पेपर आहे का?

सिंहगड रोडचे सर: अर्धा गुण जायलाच हवा होता. "सोमवारपासून सुट्टी" म्हटलं की सोमवार धरतो. पण "पुण्यापासून पुढे पाऊस आहे" म्हटलं तर पुण्यात आहे का, सांगता येत नाही. आकृतीत ठिपका भरीव की पोकळ हे ठरवावंच लागतं, इथे तिनं ते ठरवलंच नाही. "-3 वर भरीव ठिपका, तिथून डावीकडे सलग जाड रेघ, टोकाला बाण" असं हवं. `x ∈ Z` असता तर रेघ नाही, -3, -4, -5 असे सुटे ठिपके.

औंधचे बाबा: एवढं कशाला? वहीत काढून फोटो पाठवा.

कोथरूडची आई: फक्त टाइप करायची चौकट आहे हो, फोटो जातच नाही.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी: सोपं आहे. चिन्हाचं टोक जिकडे, तिकडे बाण.

सिंहगड रोडचे सर: x डावीकडे असेल तरच. तिनं 2x उजवीकडे नेला असेल तर `-6 ≥ 2x`, म्हणजे `-3 ≥ x`. आता टोक उजवीकडे आहे आणि उत्तर डावीकडेच. तुमच्या युक्तीनं मुलं इथेच फसतात.

कर्वेनगरच्या बाई: मला हे शब्दांत लिहिणंच पटत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलानं "भरीव ठिपका, डावीकडे बाण" अगदी बिनचूक लिहिलं. फळ्यावर बोलावलं तर त्यानं -4 हा -3 च्या उजवीकडे मांडला, चार मोठा म्हणून. शब्दांत ही चूक दिसणारच नाही.

सिंहगड रोडचे सर: हे मान्य. म्हणून मी आणखी एक ओळ मागतो: उत्तरात बसणारी एक संख्या आणि न बसणारी एक, दोन्ही मूळ प्रश्नात घालून. -4 घातला की 13 येतात, बसतो. 0 घातला की 5, नाही बसत. ऋण संख्येनं भागताना चिन्ह उलटवायचं राहिलं असेल तर इथे पकडलं जातं.

कर्वेनगरच्या बाई: चिन्हाची चूक पकडली जाईल, जागेची नाही. मी आधी वहीत काढायला लावणारच.

कोथरूडची आई: काल रात्री तिनं वाचलं आणि मी तिची वही न बघता काढलं. "-3 पासून डावीकडे" ऐकून मी पोकळ ठिपका काढला. "अगं आई, भरीव!" म्हणाली आणि स्वतःच वाक्य बदलायला बसली. गुणाचं मात्र मला अजून पटलेलं नाही.