प्रतिसाद: चूक q3 मध्येच आहे

> 0110 चालतं, पण 101 ला मशीन नाकारतं. का?

0 आणि 1 ची ओळ दोन्हीकडून सारखीच वाचली जाते का, हे तपासणारं हे ट्युरिंग मशीन आहे. त्यात q0 ही अवस्था टेपवरचं सगळ्यात डावं चिन्ह वाचून पुसते. ते 0 असेल तर q1, 1 असेल तर q2 उजव्या टोकाकडे धावते. दोन अवस्था हव्यातच, कारण काय पुसलं हे टेपवर उरत नाही. रिकामी चौकट लागली की एक घर मागे येऊन q3 0 शोधते, q4 1 शोधते. जुळलं तर पुसून q5 डावीकडे परतते.

101 मध्ये दुसऱ्या फेरीला मधला 0 एकटाच असतो. q0 तोही पुसते, मग q3 ला रिकामी चौकट दिसते. तिथे स्वीकार हवा, q4 लाही तसाच. 0110 मध्ये q0 लाच रिकामी चौकट मिळते, म्हणून चूक लपते. नाशिकला कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत आम्ही खडूने चौकटी पुसत गेलो, तेव्हा हे दिसलं.