'इंटर्नल पायलट'ला मराठीत काय म्हणावं?

दवबिंदू: रक्तदाबाच्या औषधाच्या चाचणीचा गोषवारा एथिक्स कमिटीसाठी मराठीत करतेय. पहिले ६० रुग्ण 'इंटर्नल पायलट', त्यांच्यावरून रक्तदाबाच्या आकड्यांचं विखुरणं, म्हणजे व्हेरियन्स, काढून रुग्णसंख्या पुन्हा ठरवणार, असं मुळात आहे. मी पहिल्यासाठी 'अंतर्गत पूर्वचाचणी' आणि दुसऱ्यासाठी 'अंतरिम विश्लेषण' लिहिलंय. चालेल?

पाटीपेन्सिल: चालेल की. आम्ही सर्वेक्षणाआधी प्रश्नावली शेजारच्या गावात तपासून घेतली होती, ती उत्तरं बाजूला ठेवली. त्याला पूर्वचाचणीच म्हणायचो.

आकडेमोड: तिथे शब्द बरोबर होता, कारण ती उत्तरं मोजणीत नव्हती. इथे हे ६० रुग्ण शेवटच्या तुलनेतही धरले जातात. 'पूर्वचाचणी' वाचून समितीला वाटेल की ते वगळणार. मी 'चाचणीतलाच पहिला टप्पा' लिहीन.

उंबरठा: पण 'अंतरिम विश्लेषण' योग्यच आहे. मध्येच डेटा पाहिला की नसलेला फरक आहे म्हणण्याची ५ टक्क्यांची चूक वाटून घ्यावी लागते.

आकडेमोड: औषधाचा गुण तपासून थांबायचं की नाही हे ठरवणार असाल, तर हो. इथे कोण कोणत्या गटात आहे हे उघडतच नाहीत, सगळ्या ६० जणांचं मिळून प्रमाण विचलन काढतात. समजा ५ मिमीचा फरक शोधायचा आहे, आणि तो खरंच असेल तर सापडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, ८० टक्के हवी. विचलन १० धरलं तर प्रत्येक गटात ६३ रुग्ण लागतात. पण पहिल्या ६० जणांत ते १२ निघालं, तर ९१ लागतील. ६३ वरच थांबलात तर पॉवर ६५ टक्क्यांच्या आसपास उरते. कोणतं औषध सरस, हे यात कुणालाच कळलेलं नसतं. म्हणून मी 'विश्लेषण' टाळून 'रुग्णसंख्येचा मध्यंतरी फेरविचार' लिहीन.

दवबिंदू: गट एकत्र धरले तर औषधाचा परिणामही त्या विखुरण्यात मिसळणार ना?

आकडेमोड: मिसळतो. गट सारखे असतील तर फरकाच्या वर्गाचा चौथा भाग, म्हणजे इथे ६.२५. तो १२ च्या वर्गातून, म्हणजे १४४ मधून, वजा केला तर ९१ ऐवजी ८७ येतात. पण खरा फरक ५ आहे हे गृहीतच धरलेलं असतं, म्हणून मी वजा करत नाही. प्रत्येक गटात चार रुग्ण जास्त घेणं परवडतं.

उंबरठा: मला ते पटत नाही. जादा रुग्णांवर विनाकारण प्रयोग कशाला? आणि गट उघडून काढलेला व्हेरियन्स जास्त नेमका नाही का?

आकडेमोड: गट उघडले की वेगळी अडचण येते. पहिल्या टप्प्यात व्हेरियन्स योगायोगाने कमी आला तर तुम्ही लवकर थांबता आणि तो कमी आकडा तसाच टिकतो. जास्त आला तर नवे रुग्ण येऊन तो सौम्य होतो. त्यामुळे शेवटचा व्हेरियन्स सरासरीने खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि नेहमीची टी-चाचणी थोडी सैल पडते, म्हणजे नसलेला फरक दाखवण्याची चूक ५ टक्क्यांच्या वर जाते. पहिला टप्पा जितका लहान, तितकं हे जास्त. गट झाकलेले ठेवले तर, औषध सरस आहे का एवढंच पाहायचं असताना, हा परिणाम नगण्य राहतो.

दवबिंदू: मग 'चाचणीतलाच पहिला टप्पा' घेते, आणि 'गट न उघडता' हे शब्द त्याच वाक्यात टाकते. 'व्हेरियन्स'चं काय? 'प्रचरण' समितीतल्या सामान्य सदस्यांना कळेल?

पाटीपेन्सिल: 'रुग्णारुग्णांतला फरक' लिहा.

उंबरठा: मग दोन औषधांमधल्या फरकाला काय म्हणणार?